टेम्पररी चॅटमधलं बोलणं खरंच पुसलं जातं का? काय साठवलं जात नाही आणि ३० दिवस काय उरतं?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या तीन मैत्रिणी एका खोलीत राहतात, असं समजा. खोलीत लॅपटॉप एकच आणि चॅटजीपीटीचं खातंही तिघींत एकच. त्यातल्या जिंतूर तालुक्यातल्या एकीला घरून वडिलांच्या पीक कर्जाची बँकेची नोटीस व्हॉट्सॲपवर येते. नोटीस इंग्रजीत आहे आणि तिच्यावर खाते क्रमांक, थकलेली रक्कम, गट नंबर सगळं छापलेलं आहे. अर्थ तर समजून घ्यायचा आहे, पण घरच्या कर्जाची गोष्ट मैत्रिणींना दिसायला नको. म्हणून ती ३ मार्चला रात्री ८ वाजता 'टेम्पररी चॅट' सुरू करते, नोटिशीची पीडीएफ टाकते, उत्तर वाचते आणि खिडकी बंद करते.

आता ही नोटीस कुठे कुठे आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरात टेम्पररी चॅटचं सगळं काम समजतं.

तीन गोष्टी होत नाहीत

पहिली गोष्ट, हा संवाद डाव्या बाजूच्या चॅटच्या यादीत येत नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने तेच खातं उघडलं, शोधच्या चौकटीत 'कर्ज' किंवा 'नोटीस' टाइप केलं, तरी काही सापडणार नाही. मुलीला स्वतःलाही ते उत्तर परत वाचता येणार नाही. अनेकांची फजिती इथेच होते. चांगलं लांबलचक उत्तर मिळालं, पान चुकून बंद झालं, की ते गेलं. उत्तर हवं असेल तर आधीच कॉपी करून ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट 'मेमरी'ची. नेहमीच्या चॅटमध्ये हा प्रश्न विचारला असता, तर 'वापरकर्त्याच्या वडिलांवर पीक कर्ज आहे' अशी नोंद चॅटबॉट स्वतःहून करून ठेवू शकला असता. मग आठवड्याने दुसरी मैत्रीण शिष्यवृत्तीबद्दल काही विचारायला गेली, की उत्तरात वडिलांच्या कर्जाचा उल्लेख! एकाच खात्यावर तिघी असल्या की हे घडायला वेळ लागत नाही. टेम्पररी चॅटमधून अशी नवी नोंद तयार होत नाही.

तिसरी गोष्ट, हा संवाद पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही. साध्या चॅटसाठी ही परवानगी सेटिंगमधल्या "Improve the model for everyone" या बटणावर ठरते आणि ते बहुतेकांनी कधी पाहिलेलंही नसतं.

म्हणजे त्या मुलीचा हेतू साध्य झाला. मैत्रिणींना काही कळणार नाही. पण नोटीस जगातून नाहीशी झाली, असं मात्र नाही.

सर्व्हरवर काय राहतं?

चॅटजीपीटी चालवणारी ओपनएआय कंपनी सांगते, की टेम्पररी चॅटची प्रत सुरक्षेच्या कारणासाठी ३० दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. ३ मार्चच्या संवादाची प्रत साधारण २ एप्रिलपर्यंत सर्व्हरवर असू शकते. गुगलच्या जेमिनीमध्ये अशी सोय ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिथली मुदत ७२ तासांची आहे. तोच प्रश्न जेमिनीला विचारला असता तर हिशेब ६ मार्चच्या रात्री ८ पर्यंतचा. अँथ्रोपिकच्या क्लॉडमध्ये या सोयीचं नाव 'इनकॉग्निटो चॅट' आहे आणि तिथेही ३० दिवसांचा नियम आहे. या मुदती कंपन्या बदलत असतात, त्यामुळे खरोखर नाजूक काही टाकण्याआधी त्या त्या ॲपच्या मदत पानावरचा आकडा बघावा.

परभणीच्या एखाद्या किराणा दुकानाचं उदाहरण घेतलं तर हे चटकन कळेल. तुम्ही रोख पैसे दिले, तर उधारीच्या वहीत तुमचं नाव लागत नाही. महिन्याने कुणी वही चाळली तरी तुम्ही काय नेलं ते दिसणार नाही. पण दुकानाच्या कोपऱ्यात सीसीटीव्ही आहे आणि त्याचं चित्रण काही दिवस राहून मग वरचेवर पुसलं जातं. टेम्पररी चॅट म्हणजे वहीत नाव न लावणं. कॅमेरा बंद करणं नव्हे.

पण प्रत ठेवायचीच कशाला?

थोडा वेळ तरी ती ठेवावीच लागते, कारण चॅटबॉटला उत्तर देण्यासाठी आधीचा संवाद वाचावा लागतो. 'मग हप्ता किती पडेल?' असं तुम्ही विचारता, तेव्हा कशाचा हप्ता हे कळायला वरची नोटीस पुन्हा मॉडेलसमोर ठेवली जाते. व्हॉट्सॲपच्या गायब होणाऱ्या संदेशांशी याची तुलना केली जाते, पण ती बसत नाही. व्हॉट्सॲपवर दोन माणसांमधला संदेश कुलूपबंद जातो, मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही आणि २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी तो दोघांच्या फोनवरून जातो. चॅटबॉटच्या बाबतीत समोरचा 'माणूस' म्हणजेच कंपनीचा सर्व्हर. त्याने वाचल्याशिवाय उत्तर कसं येणार?

पण त्याला काही मिनिटं पुरतील. ३० दिवस लागतात ते गैरवापर पकडण्यासाठी. फसवणुकीचे शेकडो मेसेज लिहून घेणारा माणूस एका संवादात ओळखू येत नाही. दहा-पंधरा दिवसांचे संवाद शेजारी ठेवले की त्याची पद्धत दिसते. टेम्पररी चॅटची प्रत त्याच क्षणी पुसली जात असती, तर असं काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून तीच सोय वापरली असती. कंपन्यांचं हे म्हणणं पटण्यासारखं आहे. मुदत ३० दिवसच का आणि गुगलला तीन दिवस कसे पुरतात, हा प्रश्न मात्र उरतोच.

कोर्टाने सांगितलं तर?

जाहीर केलेली मुदतही बाहेरच्या आदेशाने बदलू शकते आणि हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर कॉपीराइटचा खटला भरला होता. त्यात अमेरिकेतल्या कोर्टाने १३ मे २०२५ रोजी आदेश दिला, की एरवी पुसल्या जाणाऱ्या उत्तरांच्या नोंदी पुरावा म्हणून जपून ठेवा. त्यात वापरकर्त्यांनी डिलीट केलेले आणि टेम्पररी चॅटही आले. फुकट खातं वापरणारे आणि प्लस, प्रो, टीम या योजनांचे ग्राहक त्यात होते. मोठ्या कंपन्या आणि शिक्षणसंस्थांसाठीच्या योजना वगळल्या होत्या. ही जबाबदारी २६ सप्टेंबर २०२५ रोजी संपली आणि कंपनी पुन्हा ३० दिवसांच्या नियमावर आली. पण त्या काळातला काही डेटा स्वतंत्रपणे कुलूपबंद ठेवला गेला. म्हणजे त्या उन्हाळ्यात परभणीतल्या कुणी टेम्पररी चॅटमध्ये लिहिलेलं, ज्या खटल्याशी त्याचा काडीचा संबंध नाही अशा खटल्यासाठी अडकून पडलं असू शकतं.

भारतातही साठवणुकीचे नियम आहेत. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना यंत्रणेचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं. लॉग म्हणजे कोणत्या वेळी, कोणत्या आयपी पत्त्यावरून कोण आलं, अशा नोंदी. तुमचा मजकूर नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम त्याच्या पुढे जातात. त्यात वैयक्तिक डेटा आणि त्यावरच्या प्रक्रियेच्या नोंदी सरकारी तपासासारख्या ठरावीक कारणांसाठी किमान एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. ती अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होते. टेम्पररी चॅटचं नाव त्या नियमांत कुठेही नाही, त्यामुळे कंपन्या ३० दिवसांचं आणि एका वर्षाचं गणित कसं जुळवतात, ते तेव्हा त्यांच्या धोरणात बघावं लागेल.

लॅपटॉपवर राहिलेलं

गंमत म्हणजे, त्या खोलीत गुपित फुटण्याची शक्यता सर्व्हरपेक्षा लॅपटॉपवरच जास्त आहे. नोटिशीची पीडीएफ व्हॉट्सॲप वेबवरून डाउनलोड केलेली होती, ती 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये तशीच पडून आहे. चॅट पुसलं गेलं म्हणून फाइल पुसली जात नाही. शिवाय चॅटजीपीटीची टेम्पररी चॅट ब्राउझरमध्ये असा पत्ता दाखवते:

```
https://chatgpt.com/?temporary-chat=true
```

हा पत्ता ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहू शकतो. आत काय बोलणं झालं ते त्यातून कळत नाही, पण कुणीतरी लपवून काही विचारलं, एवढं कळतं! क्रोमची इनकॉग्निटो खिडकी वापरली तर हिस्ट्री राहत नाही, मात्र त्या खिडकीत नेहमीच्या खात्याने लॉगिन करून साधी चॅट केली, तर ती खात्याच्या यादीत येतेच. नाव सारखं असलं तरी ब्राउझरचं इनकॉग्निटो आणि चॅटबॉटचं इनकॉग्निटो ही दोन वेगळी बटणं आहेत आणि एकाचं काम दुसरं करत नाही.

आधी विचारलं, मग आठवलं

बहुतेकांची चूक क्रमाची असते. साध्या चॅटमध्ये नोटीस टाकून झाल्यावर टेम्पररीचं बटण आठवतं. ते नवी चॅट सुरू करतानाच दाबावं लागतं. आधी पाठवलेलं त्याने मागे जाऊन पुसलं जात नाही. पडद्यावर वर "Temporary Chat" असं लिहिलेलं दिसतंय ना, हे पीडीएफ टाकण्याआधी पाहायचं.

चूक झालीच असेल, तर ती चॅट डिलीट करावी. यादीतून ती लगेच जाते आणि चॅटजीपीटीच्या सर्व्हरवरून सर्वसाधारणपणे ३० दिवसांच्या आत. म्हणजे मुदतीच्या बाबतीत फार फरक पडत नाही. फरक मेमरीत आहे: चॅट डिलीट केली तरी त्यातून तयार झालेली 'वडिलांवर कर्ज आहे' ही जतन केलेली नोंद वेगळी राहते. ती सेटिंगमध्ये मेमरीच्या यादीत जाऊन स्वतंत्रपणे काढावी लागते. काढल्यावर नवी चॅट उघडून 'माझ्याबद्दल तुला काय आठवतं?' असं विचारलं, की शिल्लक काही असेल तर बऱ्याचदा समोर येतं.

उत्तराखालच्या अंगठ्याचंही तसंच. आवडलं-नावडलं दाबून अभिप्राय पाठवला, की तो संवाद कंपनीकडे अभिप्राय म्हणून जातो आणि त्याला वेगळे नियम लागू होऊ शकतात.

राहिला नोटिशीचा प्रश्न. तिचा अर्थ समजायला खाते क्रमांक आणि गट नंबर लागतच नव्हते. पीडीएफ टाकण्याऐवजी तिच्यातला मजकूर कॉपी करून, नाव आणि क्रमांकांच्या जागी फुल्या टाकून विचारलं असतं, तरी 'एकरकमी परतफेड' म्हणजे काय आणि उत्तर कोणत्या तारखेच्या आत द्यायचं, हे तेवढंच कळलं असतं. २ एप्रिलपर्यंत सर्व्हरवर राहिली असती ती कुणाचीही नसलेली एक नोटीस.