ओळ कुठे तोडायची? मुक्तछंद आणि श्वास

मागच्या काही भागांत आपण वृत्तं पाहिली, मात्रा मोजल्या. आज प्रश्न उलटा आहे. वृत्त नाही, यमक नाही, मोजायला काहीच नाही, तरी कवितेला चाल येते ती कुठून?

मी फौजी माणूस, त्यामुळे सुरुवात परेडपासून करतो. तेज चालीत मिनिटाला 120 कदम पडतात. थकलेला असो वा ताजा, प्रत्येक जवानाचा पाय ढोलावर पडतो. वृत्ताचं असंच आहे. ‘मनाचे श्लोक’ ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्यात प्रत्येक चरणात लघु-गुरु-गुरु असा गट चार वेळा येतो, म्हणजे बारा अक्षरं. पण त्याच जवानांना डोंगरावर चढायला पाठवा. तिथे ढोल नसतो. तीव्र चढावर पावलं छोटी पडतात, सपाटीला लांब, वळणावर माणूस थांबतो. ही चाल बेशिस्त नव्हे, ती श्वासाने ठरलेली असते. मुक्तछंद म्हणजे ही चढावरची चाल.

हा शोध परदेशातून आला असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ज्ञानेश्वरीची ओवी पाहा. ती तेराव्या शतकातली. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा सहसा आखूड आणि यमकातून सुटलेला. चरणात अक्षरं किती, याचा पक्का नियम नाही. तीन वेळा लांब श्वास सोडायचा, चौथ्यांदा थोडक्यात आटोपायचं, आणि उरलेल्या जागेत ऐकणाऱ्याने अर्थ घ्यायचा. आखूड चरणाचं हे काम नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिंदीत निरालांनी ‘जूही की कली’ लिहिली ती 1916 च्या सुमारास. मुक्तछंदाचा पाया कवित्तात आहे, असं त्यांनी स्वतः मांडलं. कवित्ताच्या चरणात 31 अक्षरं, आणि म्हणताना थांबे येतात आठ, आठ, आठ आणि सात अक्षरांवर. निरालांनी मोजणी सोडली, थांब्यांची सवय ठेवली. मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे यांनी. त्यांचं ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य 1940 चं.

श्वासाला उघडपणे सिद्धांताची जागा दिली ती अमेरिकेतल्या चार्ल्स ऑल्सन यांनी, 1950 च्या एका निबंधात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अक्षर कानाने निवडायचं, ओळ श्वासाने ठरवायची. कवीने लिहिताना श्वास जिथे घेतला तिथे ओळ संपते, आणि टाइपरायटरवर अंतर नेमकं सोडता येत असल्यामुळे थांबा किती लांब हेही कागदावर दाखवता येतं. पुढे 1955 मध्ये ॲलन गिन्सबर्ग यांनी ‘हाऊल’मध्ये याचं टोक गाठलं. तिथली लांबलचक ओळ शक्यतो एका दमात म्हणायची असते.

यात एक अडचण आहे. कोणाचा श्वास? ऑल्सन स्वतः साडेसहा फुटांहून उंच, धिप्पाड गृहस्थ. त्यांची ओळ माझ्या छातीत मावेलच असं नाही. उंचावरच्या चौकीवर तर चांगल्या दमाच्या जवानालाही एक वाक्य दोन तुकड्यांत बोलावं लागतं. म्हणून मी श्वासाला फूटपट्टी मानत नाही. श्वास सांगतो की थांबा हवा. तो कोणत्या शब्दावर, हे अर्थ सांगतो. वायरलेसवर आम्हाला हेच शिकवलं होतं. शब्द सुटे सुटे बोलू नका, अर्थाचा एक तुकडा सलग बोला, मग थांबा.

आता प्रत्यक्ष उदाहरण. माझ्या पलटणीतला एक सहकारी बर्फात गेला. त्याच्या स्मरणसभेत चार ओळी वाचायच्या होत्या. आधी भुजंगप्रयातात लिहिल्या, तर ते संचलनगीत झालं. दुःख कदमताल करू लागलं. मग मुक्तछंदात लिहिलं ते असं:

रात्री दोन वाजता वायरलेसवर
त्याचा आवाज आला आणि तो
म्हणाला बर्फ थांबलं आहे
चहा संपला आहे आणि सकाळी
आम्ही त्याला खाली आणलं

हे एका परिच्छेदात सलग लिहून पाहा. काहीच हरवत नाही. म्हणजे ओळी तोडण्याने काही कामच केलेलं नाही. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या, म्हणून प्रत्येक बातमी सारख्याच वजनाची. ‘आणि तो’ इथे श्वास अडकतो, कारण तिथे थांबावं असं काही घडलेलंच नाही. शिवाय मराठीची एक खास खोड आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपलं की ‘आहे, आहे, आला, आणलं’ असा एकसुरी ठोका पडतो. तो मोडायचा तर कधी क्रियापद गाळावं लागतं, कधी ‘म्हणाला’ मागे न्यावं लागतं.

खोलीत उभं राहून, मोठ्याने वाचत, श्वास घेतला तिथे पेन्सिलने रेघ मारत गेलो. दोन आठवड्यांनी हे झालं:

रात्री दोनला वायरलेसवर त्याचा आवाज, नेहमीसारखाच, थोडा खरखरता, थोडा हसरा.
बर्फ थांबलंय, म्हणाला.
चहा संपलाय.
सकाळ झाली, आणि दोर बांधून, पायऱ्या खोदत, एकमेकांना हाक देत आम्ही त्याला खाली आणायला निघालो.
तो काही बोलला नाही.

पहिली ओळ पूर्ण उच्छ्वासाची, तिच्यात क्रियापदच नाही. पुढच्या दोन इतक्या आखूड की छातीत हवा शिल्लक असताना तोंड बंद होतं. ती उरलेली हवा म्हणजेच शांतता. वायरलेसवर बटण सोडल्यावर जशी पसरते तशी. चौथ्या ओळीत पंधरा शब्द आहेत. पण स्वल्पविरामांनी तिचे लहान तुकडे पडतात, म्हणून ऐकणारा हरवत नाही आणि वाचणाऱ्याला मात्र दम लागत जातो. शेवटची ओळ चार शब्दांची. ती आखूड आहे म्हणून परिणाम करते असं नव्हे. लांब ओळीच्या पाठोपाठ आली म्हणून करते. पाचही ओळी चार-चार शब्दांच्या ठेवल्या असत्या, तर ती ऐकूही आली नसती. ओवीचा चौथा चरण आठवा. तोही आधीच्या तिघांच्या जिवावर उभा असतो.

नवीन लिहिणारे इथे एक चूक हमखास करतात. आखूड ओळीचा परिणाम कळला की दर तिसरी ओळ आखूड करतात. मग ऐकणारा तिची वाट पाहू लागतो, आणि वाट पाहिली जाऊ लागली की तेही वृत्तच झालं, फक्त कच्चं.

सभेच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईंसमोर उभा राहिलो. घरी चौथी ओळ दहा वेळा एका दमात म्हटली होती. तिथे ‘पायऱ्या खोदत’शी गळा दाटला, छाती अर्धीच भरली होती, आणि ‘हाक देत’ला आवाज तुटला. घरचा श्वास आणि तिथला श्वास एक नव्हता, हे मी धरलंच नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा वाचायची वेळ आली तेव्हा मी ‘पायऱ्या खोदत’ हे शब्द काढून टाकले.