सहीच्या आधीचं बंधन

संभाव्य भागीदारापुढे धंद्याचा तपशीलवार आराखडा मांडण्याआधी त्याच्याकडून गोपनीयता करारावर सही घ्यायची, ही रीत आता इतकी सरावाची झाली आहे की दोन-चार पानांचा तयार मसुदा नावं बदलून पुढे सरकवला जातो. गुपित राखण्याचं बंधन या कागदाने निर्माण होतं, अशी अनेकांची समजूत असते. कुळकथा पाहिली तर चित्र उलटं दिसतं. बंधन आधीचं आहे. नेमकं कोणतं गुपित, कुणाच्या आणि कशासाठी हवाली केलं, हे कोर्टात सिद्ध करताना माणसं अडखळली, ती अडचण हा कागद सोडवतो. म्हणूनच ‘सांगितलेलं सगळं गोपनीय’ एवढंच म्हणणारा करार आपल्या मुख्य कामालाच चुकतो, असं माझं मत आहे.

भागीदाराकडून गुपिताचा लेखी शब्द घेण्याचं एक जुनं आणि ठसठशीत उदाहरण इंग्लंडमधलं आहे. जेम्स मॉरिसन यांच्या ‘युनिव्हर्सल मेडिसिन’ नावाच्या गोळ्यांचा तिथे मोठा खप होता. औषधाला पेटंट नव्हतं. सारी मिळकत कृतीच्या गुप्ततेवर होती. थॉमस मोट यांना भागीदारीत घेताना मॉरिसननी त्यांना ती कृती सांगितली, पण ती कुणालाही कळवणार नाही असं बंधपत्र लिहून घेतलं. मोट यांनी पुढे ती आपल्या मुलाला सांगितली आणि मुलगा स्वतःच औषध विकू लागला. 1851 साली प्रकरण चॅन्सरी कोर्टात आलं. मुलाने कशावरही सही केलेली नव्हती, तरी न्यायमूर्ती टर्नर यांनी त्याला मनाई केली. अशा मनाईचा आधार कधी मालमत्ता, कधी करार, कधी विश्वास असा वेगवेगळा सांगितला जातो. पण विश्वासाने मिळालेल्या गोष्टीचं ओझं घेणाऱ्याच्या सदसद्विवेकावर असतं, असा त्यांचा रोख होता. ते ओझं सही न करणाऱ्या मुलापर्यंत पोचलं, ही या खटल्यातली कळीची गोष्ट. 1948 च्या सॉल्टमन खटल्यात चामड्याला भोकं पाडणाऱ्या पंचांसाठी लागणाऱ्या हत्यारांची रेखाटनं हातोहात ज्या कारखान्याकडे गेली, त्याचा मूळ मालकाशी थेट करारच नव्हता. तरीही त्याला जबाबदार धरलं गेलं.

मग कागद कशाला, हा आक्षेप इथेच उभा राहतो. त्याचं उत्तर कोको नावाच्या गृहस्थांच्या मोपेडमध्ये आहे. त्यांनी एका मोपेडचं इंजिन आखलं आणि ते बनवण्यासाठी 1967 साली क्लार्क कंपनीशी बोलणी सुरू केली. काही महिने बैठका झाल्या, रेखाटनं आणि सूचना दिल्या गेल्या, आणि मग बोलणी फिसकटली. कंपनीने स्वतःची ‘स्कँप’ ही मोपेड आणली. तिच्या इंजिनाचं आपल्या इंजिनाशी साम्य आहे, विशेषतः पिस्टन आणि कार्बुरेटरच्या बाबतीत, अशी कोको यांची तक्रार होती. न्यायमूर्ती मेगरी यांनी 1968 साली या प्रकरणात जे तीन प्रश्न विचारले, ते आजही भारतातली कोर्टं विचारतात. माहितीत मुळात गुपित म्हणावं असं काही होतं का? ती गुपित म्हणूनच सोपवली आहे, हे घेणाऱ्याला कळावं अशी परिस्थिती होती का? आणि परवानगीशिवाय तिचा वापर झाला का? दुसऱ्या प्रश्नावर कोको भक्कम होते, कारण एकत्र धंदा करण्याच्या बोलण्यांतूनच माहिती गेली होती. घसरले ते पहिल्यावर. आपण दिलेल्यातलं नेमकं काय नवीन होतं आणि इंजिनिअरिंगच्या जगात आधीपासून काय ठाऊक होतं, हे त्यांना पुरेसं वेगळं काढून दाखवता आलं नाही. तात्पुरती मनाई मिळाली नाही; अंतिम निकालापर्यंत कंपनीने दर इंजिनामागे पाच शिलिंग संयुक्त खात्यात जमा करायचे, एवढ्या हमीवर त्यांना थांबावं लागलं.

आज हातात येणारा करार या तीन प्रश्नांशेजारी ठेवून वाचावा. गोपनीय माहितीची व्याख्या आणि सार्वजनिक माहितीचा अपवाद ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं आहेत. प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ शिक्का मारण्याची आणि तोंडी सांगितलेलं नंतर लेखी कळवण्याची अट दुसऱ्यासाठी आहे. ‘फक्त भागीदारीचा विचार करण्यासाठी वापर’ ही ओळ तिसऱ्यासाठी. कागदाचा जीव पहिल्या कलमात असतो आणि नेमकं तेच घाईत सरधोपट लिहिलं जातं. समजा, नाशिकचा एक उत्पादक बेदाणा सुकवण्याचा नवा धंदा मांडतो आहे. ‘द्राक्षं सुकवण्याची योजना’ हे गुपित होऊ शकत नाही. कोणत्या टप्प्यावर किती तापमान, कोणत्या शेतकऱ्यांशी काय दर ठरला, दर किलो खर्चाचा तक्ता कसा आहे, हे होऊ शकतं. या कागदांची नावं, तारखा आणि पानं परिशिष्टात नोंदवली, तर कोको जिथे अडले तिथे हा उत्पादक अडणार नाही.

दुसरा आक्षेप गुंतवणूकदारांचा आहे आणि तो मला रास्त वाटतो. एकाच विषयावरचे कितीतरी आराखडे त्यांच्यापुढे येतात. प्रत्येकासाठी सही केली तर पुढे कुठल्याही साम्याचा ठपका त्यांच्यावर येईल. ही भीती निराधार नाही. सीगर नावाच्या संशोधकाने जिन्यावरचं कारपेट पकडून ठेवणाऱ्या पट्टीबद्दल कोपिडेक्स कंपनीशी बोलणी केली होती आणि ओघात दुसरीही एक रचना सांगितली होती. बोलणी मोडल्यावर कंपनीने तशीच पट्टी काढली, तिला सीगर यांनीच सुचवलेलं नाव दिलं. कंपनीची माणसं प्रामाणिक होती, नकळत उचल झाली, असं मानूनही लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने 1967 साली भरपाईची जबाबदारी कंपनीवरच टाकली. पण यातून निघणारा मार्ग सही टाळण्याचा नाही. टप्पे पाडावेत: पहिल्या भेटीत गुपित नसलेला सारांश, आणि तक्ते, दर, कृती मागितल्यावर मोजक्या कागदांपुरती सही. बंधनाची हद्द आखलेली असली की तो कागद सही करणाऱ्यालाही वाचवतो.

तिसरा आक्षेप असा, की आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही, मग असा करार कोर्टात टिकतो का? मुंबई उच्च न्यायालयाने 2003 साली झी आणि सनडायल यांच्या वादात दिलेला निकाल पाहावा. सनडायलने झीपुढे एका मालिकेची संकल्पना मांडली होती. श्रीकृष्ण लहान मुलाच्या रूपात एका कुटुंबात येतो, असं तिचं सूत्र होतं. देव माणसाच्या रूपात येण्याची कल्पना आपल्याकडे कुणालाच नवी नाही, हा युक्तिवाद झाला. पण त्या सूत्राची सनडायलने केलेली तपशीलवार मांडणी कोर्टाने संरक्षणयोग्य मानली आणि झीविरुद्धची मनाई कायम ठेवली. विजय पुन्हा लेखी तपशिलाचाच झाला.

‘भंग केल्यास एक कोटी’ असल्या कलमाचा आधार मात्र भ्रामक आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट देतं ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. कलम 27 मुळे संभाव्य भागीदाराला त्याच क्षेत्रात पुढे धंदाच करू नकोस, असं गोपनीयतेच्या आडून बांधताही येत नाही. मुद्रांक चुकवलेला कागद शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचला जात नाही, हेही ध्यानात ठेवावं. तेव्हा दंडाचा आकडा फुगवण्यात वेळ घालवू नका. सहीसाठी पेन पुढे करण्याआधी परिशिष्टाचं पान उघडा. ते कोरं असेल तर त्या दिवशी आराखडा दाखवू नका.