तळटीप : आकृतीतला R आणि C

आकृतीत आधी आउटपुटची तार कुठून निघते ते पाहावे. इथे १० किलोओहमचा रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत आहे, आउटपुट त्याच्या पुढच्या टोकाला आणि तिथूनच कपॅसिटर ग्राउंडला गेला आहे. फ्रिक्वेन्सी वाढली की कपॅसिटरचा अडथळा घटतो, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी ग्राउंडला जातात, खालच्या पुढे निघतात. दोघांच्या जागा बदलल्या तर नेमके उलट.

कपॅसिटरवरचा १०३ हा आकडा १०३ पिकोफॅरड नव्हे. १० वर तीन शून्ये, म्हणजे १०,००० पिकोफॅरड. नवखे इथे हमखास फसतात. f = 1/(2πRC) या सूत्राने सीमा सुमारे १५९२ हर्ट्झवर येते. ही काही भिंत नाही : तिथे आउटपुट इनपुटच्या ७१ टक्के असते, दसपट फ्रिक्वेन्सीला जेमतेम दहावा हिस्सा उरतो.

मात्र हे गणित पुढे काहीच जोडले नाही असे धरून केले आहे. पुढच्या टप्प्याचा इनपुट रेझिस्टन्सही १० किलोओहम असेल, तर खालच्या फ्रिक्वेन्सीसुद्धा निम्म्यावर येतात आणि सीमा दुप्पट, ३१८३ हर्ट्झवर सरकते. — संपादक