रेनोचा आजार की रेनोचे लक्षण? एका वैद्यकीय संज्ञेचा इतिहास (१८६२–१९३२)

थंडीत बोटे प्रथम पांढरी, मग निळी व ऊब मिळताच लाल होणे, या लक्षणास फ्रेंच वैद्य मोरिस रेनो याचे नाव दिले जाते. बोटांच्या सूक्ष्म धमन्या आकुंचन पावल्या की रक्त ओसरून पांढरेपणा येतो. अडकलेल्या रक्तातील प्राणवायू संपला की निळेपणा, आणि प्रवाह पूर्ववत होताच लाली येते.

रेनोने १८६२ मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात मज्जातंतूंची अतिउत्तेजना हे यामागील कारण मानले. मात्र निव्वळ रंग बदलणारी बोटे व सडून काळी पडलेली बोटे, या दोहोंस त्याने एकाच आजाराच्या पायऱ्या समजले. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील सारा वाद या एकत्रीकरणातूनच उद्भवला. लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी हा स्वतंत्र रोग नसून अनेक कारणांनी उद्भवणारे लक्षण होय, असे प्रतिपादन केले.

या मताची सत्यता वैद्यशाळेबाहेरही दिसून आली. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीचे दगड घडविणाऱ्या कामगारांची पाहणी ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये केली. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा उजव्या हातात, तर छिन्नी डाव्या हातात धरली जाई. आणि थंडीत अधिक पांढरी पडत ती छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटे. दोष मूळ प्रकृतीचा असता तर दोन्ही हात सारखेच बाधले असते. ही विषमताच बाह्य कारणाची, म्हणजे कंपनाची, साक्ष होती.

१९३२ मध्ये मेयो क्लिनिकच्या ॲलन व ब्राऊन यांनी या विभाजनास निकषांचे रूप दिले. झटके दोन्ही हातांना येणे, गंभीर कोथ नसणे, मूळ रोग न आढळणे व किमान दोन वर्षे अशीच स्थिती राहणे, असे असेल तरच तो 'प्राथमिक' प्रकार. दोन वर्षांची अट वरकरणी मनमानी भासते. परंतु त्वचा कठीण करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या व्याधीत बोटांचा रंग बदलणे हे पुष्कळदा इतर लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. त्यामुळे दोन वर्षेही काही रुग्णांत अपुरी ठरतात.

ही उणीव पुढे नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने बरीच भरून काढली. त्या वाहिन्या फुगलेल्या वा विरळ दिसल्या, किंवा रक्तात पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, तर मूळ रोगाचा संशय बळावतो. तिशीनंतर प्रथमच झटके येणे, एकाच हाताची बोटे बाधित होणे, बोटांच्या टोकांवर वेदनादायी व्रण पडणे किंवा बोटांची त्वचा ताठर होणे, हीदेखील वैद्यकीय तपासणीस प्रवृत्त करणारी चिन्हे होत. याउलट पंधरा ते तीस या वयात सुरू झालेले, दोन्ही हातांत सारखे व व्रणरहित झटके बहुधा प्राथमिक प्रकारचेच असतात.