एकाच लुगड्याचे दोन परकर

मागच्या वेळी दिवाळीच्या शिलाईबद्दल बोलताना एका गटाने विचारले होते की दोघी बहिणींना सारखे कपडे शिवले तर एकीला छान बसतात आणि दुसरीला मागून आणल्यासारखे का दिसतात? आज तेच सांगतो. प्रश्न आजचा असला तरी उत्तर जुने आहे, म्हणून जुन्यापासून सुरुवात करू.

आमच्या आज्यांच्या काळात चंद्रपूर-गडचिरोली हा एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली 1982 साली वेगळा झाला. तेव्हा पोरींचे सणाचे कपडे म्हणजे परकर-पोलके, आणि तेही बहुतेक आईच्या जुन्या सुती लुगड्यातून किंवा साडीतून. काठ परकराच्या खाली येईल असे कापड आडवे धरायचे आणि एका साडीत दोघी बहिणी उरकायच्या. रंग एक, काठ एक, म्हणून कपडे आपोआप सारखे. पण आजी दोघींना समोर उभे करून दोऱ्याने मापे घ्यायची. थोरलीचा परकर जमिनीवर पसरून त्याच्यावर धाकटीचा बेतला, असे ती कधी करत नसे. का नाही करायची, हे आम्हाला फार उशिरा, टेप हातात आल्यावर कळले.

आपण खरेच दोघी मुली घेऊन पाहू. धाकटी सहा वर्षांची, उंची 43 इंच. थोरली अकरा वर्षांची, उंची 53 इंच. म्हणजे थोरली धाकटीच्या साधारण सव्वापट. आता कुणी म्हणेल, थोरलीची सगळी मापे सव्वाने भागा, झाले धाकटीचे कपडे. करून पाहू. थोरलीची कंबर 22 इंच. सव्वाने भागली तर 18 सुद्धा भरत नाही. आणि धाकटीची कंबर प्रत्यक्षात 20 आहे! लहान लेकराचे पोट पुढे आलेले असते, कंबर अशी वेगळी दिसतच नाही. नाडी आवळली की ती रडते, सैल सोडली तर कापडच पुरत नाही. गळ्याचेही तसेच. थोरलीचा 11, भागून 9 च्या आत येतो, धाकटीला 10 लागतो. वरचे बटण लागत नाही. आणि लांबी मात्र उलटी चुकते. थोरलीचा परकर कंबरेपासून घोट्यापर्यंत 31 इंच. भागला की 25 येतो, पण धाकटीला 24 च पुरतो. एक इंच जास्तीचा परकर पायात येऊन पोर मांडवात तोंडावर पडते.

कारण साधे आहे. पोरी वाढतात त्या सगळ्या बाजूंनी सारख्या वाढत नाहीत. या वयात पाय भराभर वाढतात, मान आणि कंबर हळू. डोके तर जवळजवळ वाढतच नाही. सहा वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्याच्या घेरात जेमतेम इंचभर फरक असतो. म्हणून डोक्यातून घालायचा फ्रॉक असेल तर धाकटीचा गळा लहान करून चालत नाही, मागे चीर आणि बटण द्यावेच लागते. मोठ्याचे लहान केले की कंबर-गळा आवळतो आणि लांबी लोळते. लहानाचे मोठे केले की कंबर ढिली होऊन घसरते आणि परकर आखूड पडतो. दोन्हीकडे बघणारा म्हणतो, कपडे दुसऱ्याचे दिसतात.

मग सारखे म्हणजे काय सारखे ठेवायचे? आमच्या गटात आम्ही असे ठरवले आहे की इंच सारखे ठेवायचे नाहीत, अंगावरची जागा सारखी ठेवायची. थोरलीची बाही कोपराच्या वर दोन बोटे थांबत असेल तर धाकटीचीही कोपराच्या वर दोन बोटे थांबेल. बोटे ज्या त्या पोरीची, आपली नव्हेत. पोलक्याची कड दोघींच्या कंबरेच्या हाडावर. परकर दोघींचा घोट्याच्या वर. लांबून दोघी येताना दिसल्या की डोळा हेच बघतो, इंच कोण मोजतो?

काही गोष्टी मात्र लहान होत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. साडीचा काठ तीन इंचांचा असेल तर तो दोघींना तीनच इंचांचा. थोरलीच्या 31 इंचांच्या परकरावर तो शोभतो, धाकटीच्या 24 इंचांवर अर्धा परकर काठच वाटतो. आज्यांनी यावर काढलेली युक्ती आम्हाला अजून भारी वाटते. त्या काठाच्या वरच्या अंगाला आडवा चिमटा घ्यायच्या, असा की काठाचा वरचा इंचभर भाग चिमट्याच्या आत जाईल. धाकटीला दोनच इंच काठ दिसायचा, म्हणजे तिच्या उंचीला साजेसा. दीड इंचाच्या चिमट्यात तीन इंच कापड बसते. पोर वर्षाला दोन-अडीच इंच वाढते आणि त्यातला बराच वाटा पायांचा. तेव्हा चिमटा उसवला की तोच परकर पुढे दोन-तीन वर्षे चालतो, आणि ती थोरलीएवढी होईपर्यंत काठही पुरा दिसायला लागतो. वाढत्या अंगाचे शिवणे म्हणतात ते हेच. नुसते ढगळ शिवले म्हणजे वाढत्या अंगाचे होत नाही. एक लक्षात ठेवा, चिमट्याच्या आतल्या कापडाला ऊन लागत नाही, म्हणून उसवल्यावर तिथे गडद पट्टा दिसतो. त्यावर रंगीत फीत लावायची रीत होती, आणि ती फीत थोरलीच्याही परकराला लावायची, नाहीतर दोघींचे सारखेपण गेले.

घेराचा हिशोब सोपा आहे, कंबरेच्या तिप्पट. थोरलीला 66 इंच, धाकटीला 60. दोन्ही मिळून 126. साडेपाच मीटरची साडी 216 इंच भरते, म्हणजे 90 इंच दोन पोलक्यांना उरतात. त्यात जुनी साडी जिथे विरली असेल तो भाग टाळायलाही जागा राहते. साडी कोरी असेल तर बेतण्याआधी रात्रभर भिजवा. सुती कापड आटते, आणि धाकटीच्या पोलक्यात एक इंच आटणे म्हणजे पोलके गेलेच.

बसले की नाही हे पोरीला सरळ उभी करून कळत नाही. तिला मांडी घालून बसवा आणि दोन्ही हात वर करायला सांगा. पोलके परकराच्या नेफ्याच्या वर सरकून पोट उघडे पडले तर बायका लगेच म्हणतात, लांबी कमी पडली. बहुतेक वेळा लांबी नाही, मुंढा चुकलेला असतो. मुंढा खाली उतरला की हात वर करताना सगळे पोलके हाताबरोबर ओढले जाते. धाकटीला थोरलीच्या मापाचा खोल मुंढा दिला की हेच होते.

आता ही अक्कल आमच्याच आज्यांना होती असे समजू नका. अमेरिकेत 1863 साली एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने कागदाचे फर्मे वेगवेगळ्या मापांत विकायला सुरुवात केली. त्याआधी फर्मा मिळे तो एकाच मापाचा, वाढवायचा-घटवायचा तो घरच्या बाईने. असे सांगतात की त्याची बायको एलेन मुलाचा कपडा बेतताना याच त्रासाला कंटाळली होती. त्याचे सुरुवातीचे फर्मे पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे होते. पुढे 1930 च्या दशकाच्या शेवटी त्याच देशात सुमारे 1 लाख 47 हजार मुलामुलींची अंगे मोजली गेली, रूथ ओब्रायन नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली. त्यातून निघाले की कपड्याचे माप वयावरून ठरवू नये, उंची आणि नितंबाचा घेर यावरून ठरवावे. आपल्याकडे आजही दुकानदार विचारतो, पोरगी किती वर्षांची? आपल्या देशात मापांची मोठी मोजणी अलीकडे निफ्ट या संस्थेने हाती घेतली, पण ती 15 ते 65 वयाच्या माणसांची आणि मोठ्या शहरांतली. भामरागड किंवा जिवतीच्या सहा वर्षांच्या पोरीचे माप कुठल्याच तक्त्यात नाही. ते घ्यायचे तर टेप लावूनच घ्यावे लागते.

हे सगळे आपल्या राज्याने 2024 साली एकदम मोठ्या प्रमाणावर पाहिले. सरकारी शाळांचा मोफत गणवेश आधी शाळा व्यवस्थापन समिती घेत असे, दोन जोड्यांना 600 रुपये. गावातला शिंपी नाहीतर गट शिवायचा. मग राज्यभर एकच रंग ठरला, आकाशी आणि गडद निळा. त्यातली एक गोष्ट आम्हाला पटली होती: पहिली ते चौथीच्या मुलींना पिनो फ्रॉक, पाचवी ते सातवीला शर्ट-स्कर्ट, आठवीला सलवार-कमीज. म्हणजे रंग एक आणि बेत अंगाप्रमाणे वेगळा. दुसरीतल्या बहिणीला कंबर नसतेच, स्कर्ट तिच्या अंगावर थांबत नाही. फ्रॉक खांद्यावर लटकतो म्हणून बसतो. सहावीतल्या बहिणीला स्कर्ट थांबतो.

पण कापड मध्यवर्ती ठिकाणाहून घ्यायचे, ते बेतून यायचे आणि शिवायचे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी, अशी रचना झाली. बेतलेल्या कापडाला शिवणारीच्या हाती काय राहते? दाब कमी-जास्त करणे, एवढेच. अर्धा इंच सोडता येतो, मुंढा बदलता येत नाही. पोरीला समोर उभे करून माप घ्यायची पायरीच त्यात नव्हती. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा आले, कुठे अंगाला बसले नाहीत, त्या तक्रारी वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचल्या. बोलणी खाल्ली शिवणाऱ्या बायांनी. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिले.

तेव्हा आता ज्या गटांकडे शाळेचे काम येईल त्यांनी समितीकडून इयत्तांची यादी घेऊन कापायला बसू नये. एक दिवस शाळेत जाऊन पाच मापे घ्यावी: उंची, छाती, कंबर, गळा आणि कंबरेपासून खालची लांबी. एका पोरीला दोन-तीन मिनिटे लागतात. वहीत भावंडांची नावे एकाखाली एक लिहावी आणि त्यांचे कापड एकाच ताग्यातून काढावे, कारण दोन ताग्यांतला निळा उन्हात शेजारी उभा केला की वेगळा दिसतो. चौकडीचे कापड असेल तर बारीक चौकडी मागा, मोठी चौकडी धाकटीच्या अंगावर दोन-तीनच मावतात. बटणे तीच ठेवा, पण थोरलीला पाच तर धाकटीला चार. खिसा मात्र धाकटीच्या हाताने मापा. थोरलीचा खिसा तिला लावला तर तो छातीवरून थेट काखेत जातो.