फॉर्म भरला कुणी, ठिबक घेतलं कुणी?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की जाहिरातीच्या यंत्राला दुकानातली विक्री कळते तरी कशी? तर आज तोच इतिहास. सुरुवात आमच्या कर्जतपासून. अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत हं, रायगडमधलं नाही. हा घोळ पुढे लागणार आहे.

कर्जतमध्ये माझा मावसभाऊ ठिबक सिंचनाचं साहित्य विकतो. तालुका कमी पावसाचा, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. त्याने गूगलवर जाहिरात दिली. लोक वेबसाइटवर नाव-नंबर भरायचे, हा फोन करायचा. महिन्याने म्हणाला, "अरे, चौकश्या ढीगभर, गल्ल्यात काहीच नाही. बंद करतो हे."

हे दुखणं जुनं आहे. छापील जाहिरातीच्या काळात अमेरिकेत कूपनवर खुणेचा आकडा टाकत. प्रत्येक वर्तमानपत्राला वेगळा आकडा, म्हणजे कूपन परत आलं की कोणत्या पेपरने गिऱ्हाईक आणलं ते कळायचं. क्लॉड हॉपकिन्सने 1923 च्या 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' या पुस्तकात हीच शिस्त मांडली. मजा अशी, की कूपन दुकानापर्यंत पोचायचं. 2000 साली गूगलची ॲडवर्ड्स आली, तेव्हा क्लिक मोजणं सोपं झालं, पण माणूस फोनवर किंवा दुकानात गेला की धागा तुटायचा. 2013 मध्ये गूगलने ऑफलाइन विक्री परत चढवायची सोय दिली. माझ्या मते ते जुनं कूपनच, नव्या कपड्यात.

हे चालतं असं. जाहिरातीवर क्लिक झालं की पत्त्याच्या शेवटी `gclid` नावाचा लांबलचक कोड चिकटतो. फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना ठेवायचा आणि तो कोड नाव-नंबरासोबत साठवायचा. मग फोन झाला, माणूस दुकानात आला, बिल फाटलं, की त्या कोडसमोर रक्कम लिहून फाइल चढवायची:

```
Parameters:TimeZone=Asia/Kolkata
Google Click ID,Conversion Name,Conversion Time,Conversion Value,Conversion Currency
(gclid),drip_sale,2025-03-14 16:20:00,80000,INR
```

याने काय बदलतं? समजा दोन शब्दांवर प्रत्येकी 4,000 रुपये खर्च झाले. 'ठिबक अनुदान' वर 40 फॉर्म आले, म्हणजे फॉर्म 100 रुपयांना. 'ठिबक भाव कर्जत' वर फक्त 10, म्हणजे 400 रुपयांना. यंत्राला फॉर्मच यश म्हणून शिकवलंय, मग ते पहिल्याकडेच पैसे ओतणार. पण पहिल्यातून एकच विक्री झाली, 60,000 ची. दुसऱ्यातून चार, मिळून 3,20,000 च्या. रक्कम परत दिली की बोली उलटी फिरते. मावसभावाच्या जाहिरातीत यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याला शिकवलेलंच चुकीचं होतं.

आणि रायगडच्या कर्जतवरून येणारे फोन? त्यांच्यातून विक्री येत नाही, हे यंत्राला हळूहळू कळेलही, पण त्यासाठी पैसे जाळायचे कशाला? जाहिरातीचं ठिकाण आधीच नीट निवडायचं.

आता खरी अडचण ऐका. गूगल क्लिकनंतर 90 दिवसांपर्यंतचीच विक्री धरतं. आणि अनुदानावर ठिबक घेणारा शेतकरी काय करतो? महाडीबीटीवर अर्ज करतो, निवड व्हायची वाट बघतो, मग पूर्वसंमती येते, आणि त्यानंतर खरेदी. तोवर 90 दिवस सहज निघून जातात. विक्री खरी, पैसे खरे, पण यंत्राच्या लेखी ती झालीच नाही. म्हणजे अनुदानवाला शेतकरी कायम 'कामाचा नाही' असाच दिसणार! आमच्या उदाहरणातला पहिला शब्द कदाचित यामुळेच इतका वाईट दिसत असेल. आम्ही मधला टप्पा धरायचं ठरवलं. शेतकऱ्याने शेत मोजून घेऊन कोटेशन नेलं, की लगेच ते चढवायचं. किंमत किती लिहायची? जुन्या वहीत पाहिलं. शंभर कोटेशनांपैकी पंचवीस पक्की होत असतील, तर कोटेशनच्या रकमेचा चौथा भाग. पुढे विक्री झाली तर तीही त्याच शब्दाला जोडून यशात मोजायची नाही, नाहीतर एकच पैसा दोनदा धरला जातो.

सगळं करूनही सुरुवातीला एकही ओळ जुळत नव्हती. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी सापडलं: फॉर्म सगळी अक्षरं लहान करून साठवत होता, आणि या कोडमध्ये मोठं-लहान अक्षर वेगळं धरतात. बी.टेक. करून हेच बघायचं होतं! तुमच्याकडे फाइल नाकारली गेली, तर आधी साठवलेला कोड पत्त्यातल्या कोडशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. रकाना सगळीकडे रिकामा असेल, तर मधे एखादी लिंक दुसरीकडे वळवताना कोड गळतोय.

एवढ्यावर भाऊ खूश झाला का? महिन्याला पाच-सहाच विक्री. इतक्यावरून यंत्र फार शिकत नाही, म्हणून कोटेशनचा टप्पा ठेवलाच. आणि नंबर-नाव कुणाचंही गूगलला न देता फक्त कोड आणि रक्कमच पाठवतो, शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बाकी काही नाही. वहीत रोज कोड लिहायचा कंटाळा येतो म्हणतो. पण मागच्या आठवड्यात स्वतःहून फोन केला, "अरे, राशीनवरून दोन कोटेशनं आलीत, चढवली."