दुरुधरेचे भालाईत

चंद्राच्या पुढच्या राशीत ग्रह असला की सुनफा, मागच्या राशीत असला की अनफा, दोन्हीकडे असले की दुरुधरा. दोन्ही घरे ओस असली तर केमद्रुम. सूर्य यात मोजत नाहीत. मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी एवढेच पाच. पत्रिका पाहणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द आजही आहेत, पण संस्कृत धातूंतून त्यांचा उगम लावू गेल्यास हाती काही लागत नाही. ते मुळात ग्रीक आहेत. सुनाफे म्हणजे जोडणी, दोरुफोरिया म्हणजे भालाईतांची सोबत, केनोद्रोमिया म्हणजे रिकामी धाव.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त सांगितलेली फळे या अर्थांशेजारी ठेवली, की मला गंमत वाटते. सुनफेच्या माणसाचे धन स्वतः मिळवलेले असते. दुरुधरेच्या वाट्याला धन, वाहने आणि चांगले सेवक येतात, शिवाय तो हात सैल सोडून देतो. केमद्रुमाचा माणूस राजकुळात जन्मला तरी निर्धन राहतो आणि दुसऱ्याची चाकरी करतो. म्हणजे श्रीमंती इथे नुसत्या पैशाने मोजलेली नाही. आपल्या मागेपुढे माणसे चालतात, की आपण कुणाच्या निरोपावर धावतो, यानेही मोजली आहे. शब्दातला भाला गळून पडला, पण भालाईत सेवक होऊन फळात राहिले.

दुसरे स्थान धनाचे आणि बारावे व्ययाचे, म्हणून ही फळे, असा खुलासा हल्ली सर्रास करतात. मला तो पटत नाही. तसे असते तर अनफेत खर्च यायला हवा होता. वराहमिहिर मात्र तिथे अधिकार, निरोगी शरीर, शील, कीर्ती आणि सुखोपभोग सांगतो. खर्चाचे नावही नाही.

प्रवासात नियम मात्र बदलला. ग्रीकांची रिकामी धाव अंशांची होती: पुढच्या ३० अंशांत चंद्राला एकही ग्रह भेटणार नसेल तरच ती धरायची. आपल्याकडे अंश गेले आणि सबंध राशी आली. मेषेच्या १ अंशावर चंद्र आणि वृषभेच्या २९ अंशांवर गुरू असला, तर अंतर ५८ अंशांचे. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो, म्हणजे त्याला गुरू गाठायला चार दिवसांहून अधिक लागतील. तरी ही सुनफाच. आता तोच गुरू मेषेच्याच २९ अंशांवर आणा. अंतर २८ अंश, भेट दोन-सव्वादोन दिवसांत. ग्रीक नियमाने ही जोडणी ठरते. आपल्या व्याख्येने मात्र सुनफा नाही, आणि दोन्ही शेजारची घरे रिकामी असली तर थेट केमद्रुम. चंद्राबरोबर ग्रह असल्यास केमद्रुम मोडतो, हा अपवाद म्हणूनच जोडावा लागला असावा, असे मला वाटते. वराहमिहिर स्वतःही तो इतर काहींचे मत म्हणून नोंदवतो.